कर्ज फिटलं, पण रजिस्ट्री कुठे आहे?

इंदुरात घराचं कर्ज फेडणाऱ्या बहुतेकांना वाटतं, शेवटचा हप्ता कापला गेला की विषय संपला. तसं नसतं. शेवटच्या काही दिवसांचं व्याज किंवा एखादं शुल्क राहिलं, तर खातं उघडंच राहतं. म्हणून आधी शाखेतून ‘शिल्लक शून्य, खातं बंद’ असं दाखवणारा उतारा घ्या आणि त्याच दिवशी मूळ कागद परत मागणारा अर्ज द्या.

दुसरा समज असा, की कागद मुख्य कार्यालयातून यायचे, म्हणजे बँक देईल तेव्हा घ्यायचे. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३च्या परिपत्रकाने हे बदललं. वैयक्तिक कर्ज (गृहकर्ज त्यातच येतं) पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि मालमत्तेवर नोंदवलेला बोजाही काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३पासून परत करायच्या कागदांना हे लागू आहे. दुकानासाठी घेतलेलं व्यावसायिक कर्ज मात्र यात धरू नका.

समजा, खातं ६ जूनला बंद झालं. मुदत ६ जुलैला संपली, कागद २६ जुलैला मिळाले. वीस दिवसांचे एक लाख रुपये झाले. कागद बँकेनेच हरवले असतील, तर प्रमाणित प्रती काढायला मदत आणि त्यांचा खर्च बँकेकडे. पण त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे भरपाई ५ ऑगस्टनंतर मोजायची.

मुदत अर्जावर अवलंबून नाही, ती कर्ज फिटल्यापासूनच चालते. मग अर्ज कशाला? पुराव्यासाठी. ‘माझे सर्व कागद द्यावेत’ एवढंच लिहिलं की पुरे, हा तिसरा आणि सगळ्यात महागडा समज. कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदांची यादी काढा आणि तीच उतरवा. मजकूर हिंदीत दिला तरी चालेल. मराठीत तो असा होईल:

‘माझं गृहकर्ज खातं क्र. … दिनांक … रोजी पूर्ण फेडलं आहे. कृपया नो ड्यूज प्रमाणपत्र द्यावं. माझी मूळ रजिस्ट्री, आधीच्या मालकांच्या रजिस्ट्रीज, ताबापत्र व सोबतच्या यादीतील इतर कागद परत करावेत. सेरसाईतील बोजा काढल्याचा पुरावा द्यावा. कागद मी याच शाखेतून घेईन.’

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे बोजा उतरला, असंही नाही. सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत बँकेचं नाव राहिलं, तर घर विकताना खरेदीदाराची बँक अडते.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. कागद हातात आल्यावर पानं मोजा, उपनिबंधकाचे मूळ शिक्के पाहा, मगच पोचपावतीवर सही करा; काही कमी असेल तर तिथेच लिहा. लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिला शुल्क नाही.