गादीवरील कुस्तीचे गुण

जत्रेत हलगी घुमू लागली, की प्रेक्षकांचे डोळे पैलवानांच्या पाठीकडे लागतात. दोन्ही खांदे मातीला टेकले, की निकाल लागला! गादीवरील मुक्त शैलीच्या कुस्तीतही चितपट होताच कुस्ती संपते. एकाने १० गुणांची आघाडी घेतली, तरीही ती थांबते. एरवी मात्र ६ मिनिटांतील गुण मोजावे लागतात. निवेदक ते प्रेक्षकांस असे समजावून देतो :

"समजा, निळ्या पोशाखाच्या पैलवानाने उभ्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्यास थेट पाठीच्या बाजूने गादीकडे झुकविले. चितपट झाली नाही, तरी त्यास ४ गुण मिळाले. पुढे लाल पोशाखाच्या पैलवानाने पट काढून निळ्यास खाली आणले व मागून ताबा घेतला. त्याचे २ गुण. दोघे उठल्यावर त्याने तेच पुन्हा केले. आणखी २ गुण. वेळ संपली, दोघांचेही गुण ४."

"बरोबरीत सुटली!" प्रेक्षक ओरडतात.

"नाही," निवेदक म्हणतो, "गादीवर बरोबरी नसते. गुण सारखे झाल्यास अधिक गुणांचा डाव कोणाचा, हे प्रथम पाहतात. लालचा प्रत्येक डाव २ गुणांचा, निळ्याचा एकच, पण ४ गुणांचा. म्हणून निळा विजयी!"