हैदराबादचा भाव कसा बघायचा : बाजारभावाचं काम सोपवताना



सोमवारपासून हैदराबादचा रोजचा भाव सोसायटीच्या ताई बघणार आहेत. गेली काही वर्षं ते काम माझ्याकडे होतं. त्यांच्यासाठी लिहिलेली ही टिपण पेजवरही टाकतोय, कारण ग्रुपवर "आज सुरमई ६००" असा मेसेज आला की गाडी भरायची की नाही हे तुम्हा नौकामालकांनाच ठरवायचं असतं. त्या आकड्यामागे काय असतं ते तुम्हालाही माहीत असलेलं बरं.

ताई, काम असं आहे. पहाटे तिकडचा लिलाव उरकला की दोन दलालांना फोन करायचा. दोघांना वेगवेगळा, आणि एकाचा भाव दुसऱ्याला सांगायचा नाही. तिसरा आधार म्हणून एनएफडीबीच्या FMPIS वर बघायचं. एनएफडीबीचं मुख्य कार्यालय हैदराबादलाच आहे, आणि तिथे घाऊक व किरकोळ भाव वेगळे दिसतात. आपल्याला घाऊकच हवा. भावावरची तारीख आधी वाचायची, आकडा नंतर. मग शीटमध्ये डी रकान्यात भाव लिहायचा, एका माशाच्या एका साईझला एक शीट. दोन किलोवरची सुरमई आणि किलोच्या आतली सुरमई हे दोन वेगळे माल आहेत, एकत्र लिहिलेत तर सगळं फसतं.

शीट दोन प्रकारे ओरडते. पहिला इशारा "तपासा":

```
=IF(D9="","",IF(ABS(D9/MEDIAN(D2:D8)-1)>0.2,"तपासा",""))
```

म्हणजे आजचा भाव मागच्या सात दिवसांच्या मधल्या भावापेक्षा २० टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली गेला. इथे सरासरी का नाही ते सांगतो. समजा सात दिवसांचे आकडे ५२०, ५४०, ५३०, ५५०, ५४०, ५३, ५४० असे आहेत. त्यातला ५३ म्हणजे घाईत सुटलेलं शून्य. सरासरी येते ४६८ च्या आसपास, आणि आजचा ५७० उगाच "तपासा" दाखवतो. मधला भाव ५४० च राहतो आणि शीट गप्प बसते. एका चुकीने मधला भाव हलत नाही.

दुसरा इशारा "शिळा":

```
=IF(AND(D9<>"",D9=D8,D8=D7),"शिळा","")
```

तीन दिवस रुपयाचाही फरक नाही, असं मासळी बाजारात सहसा होत नाही. बहुतेक वेळा दलालाने फोन उचललेला नसतो आणि आपणच कालचा आकडा खाली ओढलेला असतो. मी हे केलेलं आहे, म्हणून सांगतो. फोन लागला नाही तर रकाना रिकामा ठेवा आणि ग्रुपवर "आज भाव नाही" असं लिहा. रिकामा रकाना चालतो, शिळा भाव चालत नाही.

"तपासा" आलं की लगेच मेसेज टाकायचा नाही. आधी आकडा बरोबर लिहिलाय का बघा. मग मासा तोच आहे का विचारा. तिकडे सुरमईला वंजरम म्हणतात, पापलेटला चंदुवा. पापलेट अचानक निम्म्याहून खाली गेलं तर तो बहुधा तळ्यातला रूपचंद असतो. आंध्रात त्याची शेती होते, दिसायला पापलेटासारखा, म्हणून बोलताना गोंधळ होतो. "समुद्राचा की तळ्याचा?" एवढं विचारलं की उलगडा होतो.

आकडा खरा, मासाही तोच, तर शेवटचा प्रश्न : हा भाव आपली गाडी पोचेपर्यंत टिकेल का? रत्नागिरीहून सोलापूरमार्गे हैदराबाद साडेसहाशे-सातशे किलोमीटर. आज सकाळी कळलेल्या भावात आपला मासा विकला जात नाही, तो उद्या पहाटेच्या भावात जातो. माझी मोठी चूक इथेच झाली होती.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. रविवारी पहाटे सुरमई ६०० कळली. इथे बंदरावर ४२०. सहा टक्के दलाली म्हणजे ३६ रुपये, गाडी आणि बर्फ मिळून किलोला ३५. हातात ५२९ राहतात असा हिशेब करून मी दोन नौकामालकांना ८०० किलो पाठवायला सांगितलं. सोमवारी पहाटे भाव निघाला ४३०. दलाली, गाडी, बर्फ वजा जाता ३६९. बंदरावर विकली असती त्यापेक्षा किलोमागे ५१ रुपये कमी, म्हणजे ४०,८०० रुपये गेले. पाणी सुटून वजन घटलं ते वेगळं.

आकडा खोटा नव्हता, मी दिवस बघितला नव्हता. रविवारी तिकडे घरोघर मासे-मटण होतं, म्हणून रविवार पहाटेचा भाव चढाच असतो. तो मागच्या रविवारशीच ताडून बघायचा. दुसरं, आपण श्रावण पाळतो, तिकडे तो आहेच, पण कार्तिकही पुष्कळ घरांत पाळतात आणि कार्तिकी सोमवार तर जास्तच. आपल्याकडे दिवाळीनंतर खाणारा मोकळा असतो, तिकडे त्याच महिन्यात हात आखडतो.

असाच फसवा दिवस मृगाचा. आपण मृगाला पाऊस बघतो, हैदराबादेत त्या दिवशी मासे खायची रीत आहे, मरळ मासा विशेष. ७-८ जूनला शीट नक्की ओरडणार आणि दोन दिवसांत गप्प होणार. बिगरयांत्रिक होडीवाल्यांनी त्या आकड्यावर गाडी ठरवू नये.

आता उलटी गोष्ट, जिथे शीट ओरडायला हवी आणि ओरडत नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, आपली १ जून ते ३१ जुलै. तेलंगणाला समुद्र नाही, तिथली समुद्री मासळी मुख्यतः आंध्रच्या किनाऱ्यावरून येते. म्हणजे १५ एप्रिल ते ३१ मे तिकडचे ट्रॉलर बंद आणि आपल्या नौका चालू. या दीड महिन्यात भाव चढला तर कारण खरं असतं आणि ते आठवडेच्या आठवडे टिकतं. पण हा चढ हळूहळू येतो. रोज तीन टक्के वाढलं तरी सात दिवसांचा मधला भाव मागोमाग चढतो, फरक साडेबारा टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि "तपासा" येतच नाही. म्हणून १५ एप्रिलपासून दर बुधवारी आजचा भाव चार आठवड्यांपूर्वीच्या बुधवारशी हाताने ताडून बघा. हे शीट करत नाही, ते तुम्हालाच करावं लागेल.

ताई, मेसेज टाकताना नुसता आकडा टाकू नका. तारीख, वार, साईझ आणि भाव का हलला ते एका ओळीत लिहा. कारण कळलं नसेल तर "कारण कळलं नाही" असंच लिहा. आणि मंडळी, मेसेजमध्ये कारण नसेल तर गाडी सांगण्याआधी ताईंना फोन करा.

– सचिव