कंपनीचं नाव सर्वांत शेवटी

दहावीनंतर डिप्लोमा करून मुलगी आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला चाललेली. तिच्या वडिलांचा फोन येतो, "पन्नास हजारांपर्यंत जाईन. कोणत्या कंपनीचा लॅपटॉप घेऊ?" अशा वेळी नाव सांगून मोकळं होणं सोपं असतं. पण आधी दोन गोष्टी विचाराव्यात. त्यावर काम कोणतं करणार आणि किती वर्षं वापरणार?

मुलगी मेकॅनिकलची, म्हणजे ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स आलंच. सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं, त्यामुळे मॅकबुकचा विषय तिथेच मिटतो. पदवीची तीन वर्षं तर तो टिकायलाच हवा, म्हणून रॅम 16 जीबी धरावी. बजेटमुळे 8 जीबीचाच घ्यावा लागला, तर रॅम पुढे वाढवता येते का, हे विचारायचं. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच पक्की जोडलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. दुकानात लावून ठेवलेल्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर 'Slots used' पाहिलं, तर थोडा अंदाज येतो. पण खात्री कंपनीच्या माहितीपत्रकातूनच करावी.

खरी फसगत होते ती प्रोसेसरच्या स्टिकरवर. 'रायझन 5' एवढं वाचून गिऱ्हाईक खूश होतं. पण 7520U आणि 7530U हे दोन्ही रायझन 5च. या मालिकेत आतली रचना किती जुनी आहे ते तिसरा आकडा सांगतो. 7520U मधला 2 म्हणजे झेन 2, ही 2019 सालची रचना. त्यात कोअर चार. 7530U मध्ये झेन 3 आणि कोअर सहा. शिवाय 7520U सोबतची रॅम पक्की जोडलेलीच येते. पहिला आकडा 7 असल्यामुळे दोन्ही सारखेच नवे वाटतात. ग्राहकाला असं कोड्यात टाकणारी नावं कंपन्यांनी देऊच नयेत, पण देतात. रोज ईमेल आणि वर्ड एवढंच काम असणाऱ्याला 7520U पुरतो. या मुलीला 7530U च बरा.

पडदा बाजूने पाहून घ्यावा. रंग उलटेपालटे दिसले तर तो जुन्या पद्धतीचा टीएन पडदा, तो नको. आयपीएस हवा.

एवढं ठरलं की मग कंपनी. लेनोव्हो, एचपी, आसुस, एसर, कुणाचाही घ्या. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात ज्याचं सर्व्हिस सेंटर आहे, त्याला झुकतं माप द्या. मात्र 'व्हिवोबुक 15' किंवा 'आयडियापॅड स्लिम 3' एवढ्या नावावर पैसे देऊ नका, कारण त्याच नावाखाली वेगवेगळे प्रोसेसर आणि रॅम विकले जातात. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, घरी येऊन कंपनीच्या साइटवर ताडून पाहा आणि मगच दुकानात परत जा.