दहा वाइन, एक जीभ

नाशिकजवळच्या एखाद्या वायनरीत टेस्टिंगला गेलेल्यांना हा अनुभव नवा नाही. पहिल्या दोन पेल्यांवर माणूस भरभरून बोलतो. हिला पेरूचा वास आहे, हिच्यात लिंबू जाणवतं. सहाव्या पेल्यापाशी आलं की ‘छान आहे’ एवढंच सुचतं आणि आठव्यानंतर सगळ्या लाल वाइन सारख्याच लागतात. आपल्याला यातलं कळत नाही, असं मग त्याला वाटू लागतं. खरं तर त्याची समज कमी पडलेली नसते. त्याच्या तोंडातली लाळ, नाक आणि डोकं थकलेलं असतं, आणि या तिन्ही थकव्यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

आधी लाळेचं पाहू. आवळा किंवा कच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंड आवळून येतं, तसाच तुरटपणा लाल वाइनमध्ये असतो. तो द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमुळे येतो. लाळेतली प्रथिनं तोंड बुळबुळीत ठेवतात. टॅनिन त्यांना चिकटतं, त्यांचे सूक्ष्म गोळे होतात आणि जीभ कोरडी, खरखरीत लागते. नवी लाळ सुटायच्या आत पुढचा घोट घेतला, तर हा कोरडेपणा आधीच्या कोरडेपणावर चढतो. त्यामुळे चौथी लाल वाइन आहे त्याहून कडक लागते. तो दोष तिचा नसतो, आधीच्या तिघींचा हिशेब तिच्या नावावर पडलेला असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. समजा, सहा मित्र जमले आहेत आणि दहा बाटल्या आहेत. सुरुवात कोरड्या स्पार्कलिंगने करावी. मग सॉव्हिन्यों ब्लांसारखी हलकी, आंबटसर पांढरी, तिच्यानंतर शेनिन ब्लां आणि मग लाकडी पिंपात मुरवलेली भारी पांढरी. पाचवी रोझे. पुढे हलकी लाल, शिराझ, कॅबर्ने आणि पिंपातली रिझर्व्ह. दहावी आणि शेवटची, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन.

गोड शेवटी का, हे गुलाबजाम खाऊन चहा प्यायलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. तोच चहा अगोड लागतो. गोड वाइननंतर कोरडी वाइन अशीच आंबट आणि पाणचट वाटते. इथे एक फसगत हमखास होते. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन ब्लांमध्ये थोडी साखर राखलेली असते, तर काही पूर्ण कोरड्या असतात. केवळ द्राक्षाचं नाव वाचून क्रम लावला, तर गोडसर बाटली मध्येच घुसते. यजमानाने प्रत्येक बाटलीतला एक घोट आधी चाखून पाहावा. शेनिन गोडसर निघाली, तर तिला पांढऱ्यांच्या अगदी शेवटी न्यावं.

हा क्रम म्हणजे काही धर्मशास्त्र नव्हे. कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाइनची 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये जी गाजलेली तुलना झाली, तिच्यात पांढऱ्या आधी आणि लाल नंतर होत्या. उलट फ्रान्सच्याच बर्गंडीत तळघरातल्या पिंपांतून चाखवताना अनेकदा लाल आधी देतात आणि पांढरी मागून. तिथल्या लाल वाइन फारशा तुरट नसतात आणि पांढरीच्या आंबटपणाने लाळ पुन्हा सुटते. गोड मात्र शेवटी, हे बहुतेक सगळेच पाळतात.

पाणी साधं आणि खोलीच्या तापमानाचं असावं. बर्फाच्या पाण्याने जीभ बधिर होते. पण टॅनिन नुसत्या पाण्याने लवकर निघत नाही. लाल वाइनच्या टप्प्यात प्रत्येक दोन वाइनच्या मध्ये साध्या ब्रेडचा तुकडा चावावा, पाण्याने चूळ भरावी आणि मिनिट-दोन मिनिटं थांबावं. शेव, मसाला शेंगदाणे, चिवडा नंतरसाठी ठेवावेत, कारण तिखटाने अल्कोहोलची जळजळ आणखी बोचते. चीजही नको. त्याच्या स्निग्धपणाखाली वाइनचे दोष झाकले जातात. पेला एकच असला तरी चालतो. तो पाण्याने विसळला तर तळाशी राहिलेल्या थेंबांनी वाइन पातळ होते. त्याऐवजी पुढच्या वाइनचे काही थेंब त्यात फिरवून टाकून द्यावेत.

नाकाचा थकवा वेगळा. उदबत्ती लावलेल्या खोलीत शिरताना वास जाणवतो, पण पाच मिनिटांनी तो कळेनासा होतो. सतत हुंगत राहिलं की पेल्यातल्या वासाचंही तसंच होतं. त्यामुळे दोन-तीनदा लहान श्वासात हुंगावं, पेला खाली ठेवावा आणि हवं तर आपल्याच बाहीचा वास घ्यावा. त्या संध्याकाळी खोलीत उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा किंवा अत्तर नको. पाच वाइन झाल्या की वीस मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात जाऊन यावं.

तिसरा थकवा डोक्याचा, आणि तो सर्वांत फसवा, कारण तो आला आहे हे ज्याला आला त्यालाच कळत नाही. प्रत्येकी 30 मिलिलिटर ओतलं, तर दहा वाइन मिळून 300 मिलिलिटर होतात, म्हणजे सुमारे दोन भरलेले पेले. 50 मिलिलिटर ओतलं, तर बाटलीचा दोन तृतीयांश भाग एकट्याच्या पोटात जातो. यावर उपाय एकच, वाइन गिळायची नाही.

इथे आपण अडखळतो. चारचौघांत थुंकणं असभ्य आणि दिलेलं टाकून देणं हा अपमान, असंच आपण शिकलेले असतो. पण जेवणानंतर चूळ भरून टाकणं आपल्याला कधी असभ्य वाटलं आहे का? ही तशीच चूळ समजावी. प्रत्येकाला स्वतःचा उंच, अपारदर्शक कागदी पेला द्यावा आणि त्याच्या तळाशी टिश्यूचे तुकडे टाकावेत, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. घोट दोन चमचे एवढाच घ्यावा. तो हिरड्यांपर्यंत फिरवावा, ओठांतून थोडी हवा आत ओढावी आणि सात-आठ सेकंदांनी शीळ घालताना करतो तसे ओठ करून बारीक धारेने टाकावा. मग तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. तोंडात राहिलेल्या पातळ थरातला वास घशामागून नाकात चढतो आणि चव पूर्ण कळते. गिळलं नाही म्हणून फार काही हरवत नाही.

तरीही थोडं अल्कोहोल पोटात आणि रक्तात जातंच, म्हणून चूळ टाकूनही गाडी चालवू नये. वाइनच्या आम्लाने दातांवरचा थर मऊ पडतो, तेव्हा घरी आल्यावर तासभर दातही घासू नयेत.

आपण थकलो की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. दुसरी वाइन, म्हणजे सॉव्हिन्यों ब्लां, पेल्यात थोडी राखून बशीने झाकून ठेवावी आणि चाखताना काय जाणवलं ते वहीत लिहावं. सातव्या वाइननंतर तोंड साफ करून ती पुन्हा चाखावी. वहीतलं लिंबू आणि हिरवी ढोबळी मिरची अजून सापडली, तर पुढे जावं. सापडली नाही, तर तिथेच थांबावं. उरलेल्या बाटल्या बंदच ठेवाव्यात. उघडलेल्यांना घट्ट बूच लावून त्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्या, तर बहुतेक वाइन दोन दिवस चांगल्या राहतात. स्पार्कलिंग मात्र त्याच रात्री संपवावी.