चुकलेल्या मीटिंगनंतरचा मेसेज

अकराची मीटिंग होती आणि आठवण झाली पावणेबाराला. मुद्रक आणि चित्रकार दोघं अर्धा तास वाट पाहून उठले होते. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी आधी भलामोठा मेसेज लिहिला: नेटवर्क, पाहुणे, डोकेदुखी. वाचून पाहिला तर त्यात त्यांचा वाया गेलेला अर्धा तास कुठेच नव्हता. तो खोडून हा पाठवला:

‘मॅडम, आज अकराच्या मीटिंगला मी आलो नाही आणि कळवलंही नाही. चूक माझी. तुम्हा दोघांचा अर्धा तास वाया गेला, माफ करा. मुखपृष्ठावरच्या माझ्या दुरुस्त्या आज चारपर्यंत लिहून पाठवतो. बोलायचं असेल तर उद्या दहा किंवा साडेचारला मी मोकळा आहे. दुसरी वेळ सोयीची असेल तर तीही चालेल.’

‘येणं झालं नाही’ आणि ‘मी आलो नाही’ यांत मोठा फरक आहे. पहिल्या वाक्यात चूक कुणाचीच नसते. कारण खरंच गंभीर असेल, म्हणजे दवाखाना किंवा अपघात, तर एका वाक्यात सांगावं. विसरलो असू तर तसंच लिहावं.

‘तुम्हाला कधी जमेल?’ एवढंच विचारलं की वेळ शोधायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडतं. म्हणून दोन वेळा आपणच सुचवाव्यात. माझ्या दुरुस्त्यांवाचून छपाई अडली होती, त्यामुळे त्या चारच्या आत पोचणं माफीइतकंच गरजेचं होतं. पावणेचारला पाठवल्या.