सहाची शिकवणी, पावणेसहाची साखर

दहावीतल्या एका मुलीच्या वहीत भूमितीच्या प्रमेयांशेजारी धाकट्या भावाच्या साखरेचे आकडे असतात. त्याला टाइप १ मधुमेह आहे आणि आई कामावरून सातला येते.

मंगळवार, पावणेसहा. शाळेतून आलेली ताई शिकवणीला निघणार, तोच भाऊ खेळून आला. घामाघूम, चिडचिडा, हात थरथरणारे. ग्लुकोमीटरवर ६२. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली. तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. बिस्किटं टाळली, कारण त्यातल्या तुपामुळे साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असती, तर तोंडात काहीच न घालता थेट दवाखाना गाठायचा होता.

पंधरा मिनिटांनी ९४. मग पोळी-भाजी, शेजारच्या काकूंना निरोप.

शिकवणीत प्रमेय पुसून झालं होतं. रात्री मैत्रिणीने वहीचा फोटो पाठवला.