गिटारच्या ऑनलाइन बॅचची कॅप्शन

‘नवशिक्यांसाठी ऑनलाइन गिटार. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी ७ ते ७.४५. महिना १५०० रुपये. पहिला तास मोफत.’ अशी कॅप्शन नेटकी दिसते, पण वाद्याबद्दल गप्प आहे. पोलादी तारांवर नवख्याची बोटं जास्त दुखतात, नायलॉनच्या तारा मऊ असतात. कुठली गिटार चालेल ते लिहायलाच हवं. बॅचमध्ये किती जण, हेही. इंटरनेटवर आवाज किंचित उशिरा पोचतो, म्हणून सगळ्यांना एकत्र वाजवता येत नाही. शिक्षक बाकीचे माइक बंद करून एकेकाचं ऐकतात, आणि पंधरा जण असले तर आपल्या वाट्याला तीनच मिनिटं! मोफत तासाला कॅमेरा तारा दाबणाऱ्या हातावर रोखा. बोट पडद्यापासून लांब पडलं की तार खरखरते. शिक्षकांनी ते लगेच हेरलं, तर फी भरायला हरकत नाही.